तुटक नोट्सवरून मीटिंगचे मिनिट्स लिहिताना या चुका टाळा

सोसायटीच्या कमिटी मीटिंगमध्ये सेक्रेटरीच्या वहीत जे उतरतं ते साधारण असं असतं. समजा मीटिंग रविवारी, ७ जूनला झाली.

टाकी लीक – ३ कोटेशन – ६० पर्यंत ओके
लिफ्ट एएमसी संपतेय, खजिनदार बोलणार
पार्किंग – बराच वाद, स्टिकर?
पुढच्या रविवारी

यावरून मिनिट्स करताना बहुतेक जण तुकड्यांना शेपट्या जोडतात, म्हणजे "टाकीच्या गळतीवर सविस्तर चर्चा झाली, दुरुस्ती करण्यात येईल." वाचायला एकदम ऑफिशियल, पण महिन्याभराने कुणी विचारलं की हे करणार कोण होतं, तर त्या वाक्यात माणूसच सापडत नाही. 'करण्यात येईल', 'पाठपुरावा केला जाईल', 'कमिटी लक्ष घालेल' ही वाक्यं आली की थांबा आणि वाक्य माणसापासून सुरू करून बघा. नाव सुचलं नाही तर समजायचं की मीटिंगमध्येच ते ठरलेलं नाही, आणि ते आत्ताच विचारून घ्यायला हवं. दोघांनी मिळून करायचं असेल तरी उत्तर देणारा एकच लिहा, दुसरा मदतीला. जो मीटिंगला आलाच नव्हता त्याच्या नावावर काम टाकलं असेल तर आधी त्याला फोन करा, नाहीतर पुढच्या मीटिंगला "मला कुणी सांगितलंच नाही" हे ऐकावं लागतं.

सगळ्यात जास्त गोंधळ होतो तो बोलणं आणि ठरणं यात. "६० पर्यंत ओके" हे बघा. एका मेंबरने आपलं मत दिलं होतं की कमिटीने मंजूर केलं? साठ हजार जीएसटी धरून की सोडून? आणि तिन्ही कोटेशन त्याच्या वर आली तर काय? वहीत यातलं काहीच नाही, आणि इथे लिहिणारा आठवणीने भर घालतो, तीच मोठी चूक, कारण मिनिट्समध्ये छापलं गेलं की तो आकडा मंजुरी म्हणून दाखवला जातो. त्यापेक्षा त्याच रात्री कमिटीच्या ग्रुपवर हो-नाही मध्ये उत्तर येईल असा प्रश्न टाका: "टाकीसाठी जीएसटीसह ६०,००० ची मर्यादा सगळ्यांनी मंजूर केली, बरोबर?" "टाकीचं काय ठरलं होतं?" असं मोघम विचारलं तर चार जण चार गोष्टी सांगतील आणि मीटिंग पुन्हा सुरू होईल. उत्तर आलं नाही तर तो मुद्दा 'खात्री बाकी' म्हणूनच मसुद्यात ठेवा.

पार्किंगचं तर काहीच ठरलं नाही, मग तसंच लिहा. कोण कुणाला काय बोललं ते अजिबात नको. पण एखादा मेंबर स्वतः म्हणाला की माझा विरोध नोंदवा, तर तो नावासकट नोंदवायचाच, कारण निर्णयाची जबाबदारी पूर्ण कमिटीवर येते.

आता तारखा. "पुढच्या रविवारी" हे रविवारीच बोललं गेलं की काही जण १४ धरतात, काही २१, म्हणून वार आणि तारीख दोन्ही लिहा. लिफ्टवाल्या ओळीत अजून एक मेख आहे, 'बोलणार' हे काम झालं की नाही हे कसं कळणार? हातात काय यायला हवं ते लिहा, म्हणजे लेखी दर. आणि एएमसी ३० जूनला संपत असेल तर मुदत ३० ठेवून उपयोग नाही, दर आल्यावर कमिटीने बघायला वेळ लागतो.

ग्रुपवर खात्री झाली की त्याच नोट्स अशा होतात:

१. टाकी दुरुस्ती. निर्णय: तीन कोटेशन मागवायची, जीएसटीसह ६०,००० पर्यंत खर्च मंजूर, त्यावर गेलं तर पुन्हा कमिटीपुढे. जबाबदारी: सेक्रेटरी. मुदत: शनिवार, २० जून.

२. लिफ्ट एएमसी. निर्णय: नूतनीकरणाआधी नवीन दर लेखी घ्यायचा. जबाबदारी: खजिनदार. मुदत: सोमवार, १५ जून.

३. पार्किंग स्टिकर. निर्णय झाला नाही, पुढच्या सभेत पुन्हा. विषय मांडणार: चेअरमन.

पुढची सभा: रविवार, २१ जून.

वर सभेची तारीख, वेळ, हजर-गैरहजर लिहिलं की झालं. खऱ्या मिनिट्समध्ये पदासोबत माणसाचं नावही टाका, पदं बदलतात. मसुदा दोन दिवसांत फिरवा, तोवर लोकांना आठवत असतं. आणि एकदा पुढच्या सभेत मिनिट्स कायम झाले, सही झाली, की जुन्या पानावर खाडाखोड करायची नाही. चूक सापडली तर त्यापुढच्या सभेत दुरुस्तीचा वेगळा मुद्दा घ्या आणि तिथे जुन्या सभेची तारीख आणि मुद्दा क्रमांक लिहा.