विहिरीचं पाणी बदललं आणि पेले पांढरे झाले

मे महिन्यात विहीर आटली आणि आम्ही बोअरचं पाणी सुरू केलं. आठवड्याभरात डिशवॉशरमधून निघणाऱ्या काचेच्या पेल्यांवर पांढरट थर दिसू लागला. व्हिनेगरने पुसल्यावर तो गेला, म्हणजे क्षारच. पाणी मऊ करायला मशीनमध्ये घालतात ते मीठ संपल्याचा दिवा मात्र लागलेला नव्हता.

आधी टीडीएस मीटर लावला, पण खाडीकाठच्या पाण्यात तो साधं मीठही मोजतो, त्यामुळे कठीणपणा कळत नाही. कठीणपणाची पट्टी बुडवली तेव्हा ३२० पीपीएम निघाले. त्याला १७.८ ने भागलं की साधारण १८ जर्मन डिग्री येतात. डिशवॉशरच्या पुस्तिकेतल्या तक्त्यात १८ पाणी मऊ करण्याच्या ज्या पातळीत बसत होते, ती मशीनवर लावली. आमची अजून विहिरीच्या मऊ पाण्यासाठीच्या सर्वांत खालच्या पातळीवर होती!

पातळी वाढली की मीठही लवकर संपतं. दिवा लागला की भरायचं, तेही भांडी लावायच्या अगदी आधी. सांडलेलं खारं पाणी तसंच राहिलं तर स्टील गंजतं. मीठ डिशवॉशरचंच हवं. मिठागरातल्या खड्यांत कॅल्शियम-मॅग्नेशियम असतं, तेच तर काढायचं आहे.

पावसाळ्यात विहीर भरली की पुन्हा पट्टी बुडवून पातळी खाली आणते.