पाठदुखीमागे मणक्यातले गळू आहे का, हे वेळेत कसे ओळखावे

पाठीच्या कण्याच्या पोकळीत मज्जारज्जूभोवती एक चिवट आवरण असते. हे आवरण आणि मणक्याचे हाड यांच्यामध्ये चरबी आणि बारीक शिरांनी भरलेली एक अरुंद जागा असते. त्या जागेत पू साचला की त्याला स्पायनल एपिड्युरल ॲब्सेस म्हणतात. आजार दुर्मीळ आहे, पण तो ओळखायला उशीर झाला तर पाय कायमचे जाऊ शकतात. पाठदुखी, ताप आणि हातापायांतील कमजोरी ही त्याची प्रसिद्ध त्रिसूत्री. अडचण अशी की पहिल्या भेटीत ही तिन्ही लक्षणे एकत्र दिसणारे रुग्ण फारच थोडे असतात, आणि तिसरे लक्षण दिसेपर्यंत मज्जारज्जूला इजा सुरू झालेली असते. म्हणून पुढील पायऱ्या त्रिसूत्री पूर्ण होण्याआधी काय करावे यासाठी आहेत.

पायरी १ : दुखण्याआधी मागच्या काही आठवड्यांचा इतिहास पाहा

बहुतेक वेळा हा पू शरीरात दुसरीकडे असलेल्या जंतुसंसर्गातून रक्तावाटे कण्यापर्यंत पोहोचतो, आणि सर्वाधिक वेळा दोषी असतो तो स्टॅफिलोकोकस ऑरियस, म्हणजे त्वचेवर फोड आणि गळवे आणणारा जंतू. त्यामुळे मधुमेह, डायलिसिस, दीर्घकाळचे मद्यपान, शिरेतून घेतलेली अमली द्रव्ये, प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधे, शिरेत बराच काळ राहिलेली नळी, नुकतीच झालेली पाठीची शस्त्रक्रिया किंवा कण्यात घेतलेले इंजेक्शन यांपैकी काही असेल तर साध्या पाठदुखीलाही वेगळे वजन द्यावे. बरे झालेले गळू किंवा चिघळलेली जखम लोक डॉक्टरांना सांगतच नाहीत, कारण त्यांच्या लेखी तो विषय संपलेला असतो. याउलट, यातले काहीही नसले म्हणून आजार नाहीच असे समजू नये. काही रुग्णांत जंतू कुठून आला हे शेवटपर्यंत सापडत नाही.

पायरी २ : दुखणे कसे आहे ते नीट पाहा

स्नायू आखडल्यामुळे होणारी पाठदुखी सहसा हालचालीने वाढते आणि आडवे पडले की सैल होते. गळवाचे दुखणे विश्रांतीनेही हटत नाही, रात्री झोपेतून उठवते, दिवसागणिक वाढते आणि बहुतेकदा कण्यावरच एका ठिकाणी असते. तिथल्या मणक्यावर हलके ठोकले तर रुग्ण दचकतो. काही दिवसांनी ते मज्जातंतूच्या मुळाच्या वाटेने पसरू लागते. कमरेतले गळू असेल तर कळ पायात उतरते आणि सायटिका वाटते, छातीच्या पातळीवर असेल तर बरगड्यांभोवती पट्टा आवळल्यासारखे होते. डॉ. ह्यूसनर यांनी १९४८ मध्ये या आजाराचे चार टप्पे मांडले; नुसती पाठदुखी हा पहिला आणि हा दुसरा टप्पा आहे. तिसऱ्यात कमजोरी आणि लघवी-शौचावरील ताबा सुटणे, चौथ्यात लकवा. पहिल्या टप्प्याला काही दिवस किंवा आठवडेही लागू शकतात. तिसऱ्यातून चौथ्यात जायला मात्र काही तास पुरतात.

ताप नाही म्हणून निश्चिंत होऊ नये. बऱ्याच रुग्णांना ताप नसतो, आणि दुखण्यासाठी घेतलेली पॅरासिटामॉल किंवा तत्सम गोळी असलेला तापही झाकून टाकते. म्हणून ताप मोजताना शेवटची गोळी केव्हा घेतली तेही लिहून ठेवावे.

पायरी ३ : पाय आणि लघवी तपासा

रुग्णाला टाचांवर आणि चवड्यांवर चार पावले चालायला सांगावे, हातांचा आधार न घेता खुर्चीतून उठायला सांगावे. जांघेच्या आतल्या बाजूला आणि गुदद्वाराभोवती बधिरपणा आहे का ते विचारावे; संकोचामुळे हा प्रश्न घरात आणि दवाखान्यातही राहून जातो. लघवीची भावना होऊनही धार सुरू न होणे, किंवा भावनाच न होणे, हे तातडीचे लक्षण आहे. यातले काहीही बिघडलेले आढळले तर उद्याची वेळ घेऊ नये, त्याच वेळी एमआरआयची सोय असलेल्या रुग्णालयाच्या आपत्कालीन विभागात जावे.

उशीर कसा होतो : एक उदाहरण

समजा, ५८ वर्षांचे मधुमेही गृहस्थ आहेत. तीन आठवड्यांपूर्वी मानेवर गळू झाले होते, ते फुटून सुकले. एके दिवशी जड पेटी उचलल्यावर खांद्याच्या पात्यांमध्ये दुखू लागले. कारण हाताशीच असल्याने पेटीला दोष देऊन वेदनाशामक गोळ्या सुरू झाल्या, आणि त्यांनी अंगातली कणकणही दबली. पाचव्या दिवशी छातीभोवती आवळल्यासारखे झाले, म्हणून ईसीजी काढला गेला. तो व्यवस्थित निघाला आणि सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला. सातव्या दिवशी चालताना एका पायातली चपल निसटली आणि चार पावले पुढे गेल्यावर ते त्यांच्या लक्षात आले. पाय जड वाटतात म्हटल्यावर कमरेचा एमआरआय झाला, त्यात वयानुसार झालेली झीज तेवढी दिसली. गळू होते छातीच्या मणक्यांपाशी, म्हणजे काढलेल्या चित्राच्या वर. त्या रात्री लघवी अडली, तेव्हा कुठे संपूर्ण कण्याचा एमआरआय झाला.

यात कोणीही निष्काळजी नव्हते. प्रत्येक टप्प्यावर एक पुरेसे वाटणारे उत्तर मिळत गेले आणि मानेवरच्या गळवाबद्दल कोणी विचारले नाही, ना कोणी सांगितले. माझ्या मते या आजारातला बहुतेक उशीर असाच होतो.

पायरी ४ : डॉक्टरांना काय सांगावे, काय विचारावे

सर्व गोष्टी एका दमात सांगाव्यात : "मधुमेह आहे, तीन आठवड्यांपूर्वी गळू झाले होते, पाठ रात्रीही दुखते, गोळ्या चालू असल्याने ताप दिसत नसेल." नंतर थेट विचारावे की कण्यात जंतुसंसर्ग असू शकेल का. कमजोरी नसेल, पण धोका आणि दुखणे दोन्ही असतील, तर शरीरातला दाह दाखवणाऱ्या ईएसआर आणि सीआरपी या रक्तचाचण्या मदत करतात. या आजारात त्या बहुधा बऱ्याच वाढलेल्या असतात. पांढऱ्या पेशी मात्र कित्येकदा सामान्य असतात, त्यामुळे तेवढ्यावर संशय सोडू नये. कमजोरी दिसत असेल तर रक्ताच्या अहवालासाठी एमआरआय थांबवू नये.

पायरी ५ : योग्य तपासणी, योग्य जागेची

एक्स-रेमध्ये पू दिसत नाही, साध्या सीटी स्कॅनमध्ये तो निसटू शकतो. चित्र स्पष्ट करणारे गॅडोलिनियम शिरेतून देऊन केलेला एमआरआय ही भरवशाची तपासणी आहे, आणि शक्य असेल तर ती संपूर्ण कण्याची करावी, कारण दुखणाऱ्या जागेपासून दूर, मध्ये मोकळी जागा सोडून, दुसरे गळू असू शकते. मूत्रपिंडाचा गंभीर आजार किंवा पेसमेकर असल्यास तसे आधीच सांगावे. पर्याय ठरवता येतो, पण त्यासाठी वेळ लागतो. गळवाच्या संशयात पाठीतून पाणी काढणे सहसा टाळतात, कारण सुई पुवातून गेली तर जंतू आवरणाच्या आत जाऊ शकतात.

निदान झाल्यावर शक्यतो आधी जंतू ओळखण्यासाठी रक्ताचे कल्चर घेऊन शिरेतून अँटिबायोटिक सुरू करतात आणि न्यूरोसर्जन किंवा स्पाइन सर्जनना लगेच बोलावतात. मज्जारज्जूवर दाब असेल तर मणक्याची मागची कमान काढून पू बाहेर काढतात. त्यानंतर अनेक आठवडे औषध चालू राहते. शस्त्रक्रियेला जाताना पायांत जितकी ताकद शिल्लक असेल, त्यावर पुढचे चालणे मुख्यतः अवलंबून असते. पूर्ण लकवा होऊन २४ ते ३६ तास उलटले असतील, तर ताकद परत येण्याची शक्यता फार कमी होते.