कपडा भिजवण्यापूर्वी: लेबलवरील चिन्हे वाचण्याची तयारी

नवा कपडा पहिल्यांदा भिजवण्याआधी पाच मिनिटे काढावीत आणि तो उजेडात उलटा करून त्याचे लेबल शोधावे. कुर्ता किंवा शर्ट असेल तर ते बहुधा डाव्या बाजूच्या शिवणीत, कमरेच्या खाली असते आणि स्वेटरला पुष्कळदा मानेशी असते. लेबल टोचते म्हणून कापायचे असेल तर आधी मोबाइलवर दोन्ही बाजूंचा स्पष्ट फोटो काढून ठेवावा. दुसऱ्या बाजूला धाग्यांची टक्केवारी छापलेली असते आणि चिन्हांचा खरा अर्थ पुष्कळदा तिथूनच उलगडतो. पाच-पंचवीस धुण्यांनंतर ही छपाई फिकी होते, तेव्हा लेबल कापायचे नसले तरी फोटो असलेला बरा.

चिन्हे ओळीत ठरावीक क्रमाने येतात: पाण्याचे टब म्हणजे धुणे, त्रिकोण म्हणजे ब्लीच, चौकोन म्हणजे वाळवणे, इस्त्री म्हणजे इस्त्री आणि शेवटी नुसते वर्तुळ म्हणजे लाँड्रीतली व्यावसायिक धुलाई. ही पद्धत १९६३ साली पॅरिसमध्ये स्थापन झालेल्या जिनेटेक्स या संस्थेने रूढ केली आणि पुढे ती आयएसओ ३७५८ या आंतरराष्ट्रीय मानकात आली. वाचायला सुरुवात करण्यापूर्वी एक गोष्ट मनात पक्की करावी की लेबलवरचा आकडा किंवा ठिपका ही कमाल मर्यादा आहे. टबात ४० लिहिले आहे म्हणून पाणी ४० अंशांपर्यंत तापवलेच पाहिजे असे नाही. थंड पाण्यात तो कपडा नि:शंकपणे धुता येतो, मात्र ४० अंशांच्या वर जायचे नाही. शिवाय ही मर्यादा कपड्यातल्या सर्वांत नाजूक घटकाची असते. अंगाचे कापड दणकट असले तरी अस्तर, लेस, बटणे किंवा रंग जे सोसू शकत नाही, ते त्या कपड्याने सोसू नये, असा त्याचा अर्थ.

हे प्रत्यक्ष कसे वाचायचे, ते समोरच्या एका कुर्त्यावर पाहू. गडद निळा कुर्ता, कापड शंभर टक्के व्हिस्कोस, म्हणजे दुकानात ज्याला सर्रास रेयॉन म्हणतात ते, आणि बाह्यांच्या टोकाला नायलॉनची पांढरी लेस. लेबलवर पहिले चिन्ह टबाचे: आत ३० हा आकडा आणि टबाखाली दोन आडव्या रेघा. आकडा पाण्याच्या तापमानाचा, सेल्सिअसमध्ये. रेघा मात्र कपड्याला किती आदळआपट चालेल ते सांगतात: रेघ नसेल तर नेहमीची धुलाई, एक रेघ असेल तर सौम्य, आणि दोन असतील तर अतिशय सौम्य. आपल्याकडे लोक आकड्याकडे पाहतात आणि रेघांकडे दुर्लक्ष करतात; माझ्या मते हे नेमके उलटे व्हायला हवे. अनेक टॉप लोड मशिनमध्ये हीटर नसतो, ती नळाचे पाणी जसे येईल तसे घेते, म्हणून तापमानाचा धोका तिथे फारसा नसतोच. धोका असतो तो घुसळण्याचा आणि जोरात पिळण्याचा.

व्हिस्कोसच्या बाबतीत हा धोका अधिक आहे, कारण हा धागा ओला झाला की फुगतो आणि त्याची ताकद कोरड्याच्या जवळपास निम्मी उरते. कोरडा असताना ओढून फाटणार नाही असा कुर्ता ओला असताना काखेच्या शिवणीत उसवतो, तो याचमुळे. तेव्हा दोन रेघा दिसल्या की पुढील तयारी करावी: मशिनवर डेलिकेट किंवा वूल हा प्रोग्राम निवडावा, ड्रम एक तृतीयांशापेक्षा जास्त भरू नये, स्पिनचा वेग सर्वांत कमी ठेवावा आणि कुर्ता उलटा करून जाळीच्या पिशवीत घालावा. मशिनमध्ये असा प्रोग्राम नसेल तर बादलीतच हाताने धुवावा. धोपटणे आणि ब्रशने घासणे या दोन्ही गोष्टी या कपड्याला वर्ज्य समजाव्यात.

टबात हात बुडवलेले चित्र असेल तर कपडा फक्त हाताने धुवायचा आणि पाणी जास्तीत जास्त ४० अंश. थर्मामीटर नसला तरी हे साधते. गीझरचे पाणी साधारण ६० अंशांचे आणि नळाचे २४ अंशांचे धरले, तर एक तांब्या गरम पाण्याला दोन तांबे थंड घातल्यावर बादलीत सुमारे ३६ अंश होतात. कोपर बुडवल्यावर पाणी ना गरम ना गार लागते, तेच हे तापमान. कोपराला चटका जाणवला की मर्यादा ओलांडली, असे समजावे.

परदेशातल्या नातेवाइकांनी आणलेल्या कपड्यांवर टबात आकड्याऐवजी ठिपके दिसतील. अमेरिकेच्या पद्धतीत एक ठिपका म्हणजे ३० अंश, दोन म्हणजे ४० आणि तीन म्हणजे ५०.

त्रिकोण पाहण्याआधी घरातल्या ब्लीचच्या बाटल्या आणि डाग काढण्याच्या पावडरी ओट्यावर मांडून त्यांच्या मागचे घटक वाचावेत. सोडियम हायपोक्लोराइट लिहिले असेल तर ते क्लोरीनचे ब्लीच. सोडियम परकार्बोनेट किंवा हायड्रोजन पेरॉक्साइड लिहिले असेल तर ते ऑक्सिजनचे. रिकामा त्रिकोण दोन्हींना परवानगी देतो. आत दोन तिरप्या रेघा असतील तर फक्त ऑक्सिजनचे चालते. फुली असेल तर कोणतेच चालत नाही, आणि त्यात डाग काढणाऱ्या पावडरीही येतात, हे लक्षात घ्यावे. आमच्या घरी याच ठिकाणी एक शर्ट गेला. पांढराशुभ्र, सुरकुत्या न पडणारा म्हणून घेतलेला. त्रिकोणात दोन तिरप्या रेघा होत्या. ‘फुली नाही, म्हणजे चालेल’ असे म्हणून मी कॉलरवर क्लोरीनचे ब्लीच टाकले. धुऊन निघाला तेव्हा तो स्वच्छ दिसत होता. इस्त्री फिरवली तशी कॉलर आणि कफ पिवळे पडले. सुरकुत्या टाळण्यासाठी कापडावर रेझिनचा जो थर देतात, त्यातल्या काही प्रकारांत क्लोरीन अडकून राहते आणि उष्णता लागताच ते पिवळे डाग देते. हा पिवळेपणा पुन्हा ब्लीच लावल्याने वाढतो. लोकर आणि रेशमाला तर क्लोरीन मुळीच लावू नये. तो धागाच त्यात विरघळत जातो. आपल्या कुर्त्यावरील त्रिकोणावर फुली आहे, म्हणून बाटल्या परत जागेवर ठेवाव्यात.

चौकोनाशी सर्वांत जास्त गोंधळ होतो. चौकोनात वर्तुळ म्हणजे गरम हवेचा ड्रायर, आणि आतल्या ठिपक्यांनी त्याची उष्णता सांगितलेली असते: एक ठिपका असेल तर कमाल ६० अंश, दोन असतील तर ८०. या चिन्हावर फुली पाहून ‘वाळवू नका’ किंवा ‘ड्रायक्लीन करू नका’ असा अर्थ काढला जातो. तो चुकीचा आहे. फुली फक्त ड्रायरला आहे. ड्रायक्लीनचे वर्तुळ चौकोनाबाहेर, एकटे असते. येथे आणखी एक खुलासा हवा: मशिनमधल्या स्पिनलाही आपण बोलताना ड्रायर म्हणतो, पण हे चिन्ह स्पिनबद्दल नाही, गरम हवेच्या ड्रायरबद्दल आहे.

ज्यांच्याकडे ड्रायर नाही, म्हणजे आपल्यापैकी बहुतेकांनी, दुसरा चौकोन शोधावा. आत एक उभी रेघ असेल तर कपडा पिळून किंवा स्पिन करून दोरीवर टाकावा. दोन उभ्या रेघा असतील तर न पिळता, पाणी निथळत असतानाच टांगावा. रेघ आडवी असेल तर कपडा सपाट पसरावा. दोन आडव्या असतील तर न पिळता सपाट पसरावा. लोकरी स्वेटरवर आडवी रेघ असते, कारण ओला स्वेटर टांगला तर स्वतःच्या वजनाने ओघळतो आणि त्याच्या बाह्या कायमच्या लांब होतात. चौकोनाच्या डाव्या वरच्या कोपऱ्यात तिरपी रेघ असेल तर सावलीत वाळवावा.

आपल्या कुर्त्यावर दोन उभ्या रेघा आणि ही तिरपी रेघ, अशी दोन्ही आहेत. स्पिन अजिबात नको, हे इथे कळते. म्हणजे टबाखालच्या दोन रेघा पाहून जो हलका स्पिन ठरवला होता, तोही रद्द करावा. एक चिन्ह वाचून थांबू नये ते यासाठीच. तयारी म्हणून बाथरूममध्ये किंवा मोरीवर रुंद खांद्याचा हँगर लावून ठेवावा, कुर्ता दोन्ही हातांनी खालून आधार देत उचलावा आणि निथळला की बाल्कनीत सावलीला हलवावा. पावसाळ्यात बाल्कनी दमट असेल तर पंख्याखाली टांगावा. निथळणारे पाणी निळसर दिसले तर पुढची दोन-तीन धुणी वेगळी करावीत. लेस पांढरी आहे, म्हणून भिजत घालून ठेवू नये.

इस्त्रीच्या चिन्हात एक ठिपका म्हणजे तळाचे कमाल तापमान ११० अंश, दोन म्हणजे १५० आणि तीन म्हणजे २००. नुसत्या व्हिस्कोसला सहसा दोन ठिपके असतात. आपल्या कुर्त्यावर मात्र एकच आहे आणि त्याचे कारण बाहीवरची नायलॉनची लेस. इस्त्री जास्त तापली की लेस आधी चकाकू लागते, मग आखडते आणि तळाला चिकटते. चकाकी दिसताच थांबावे. ती पुन्हा जात नाही. एका ठिपक्यावर वाफही वापरू नये, कारण इतक्या कमी तापमानाला नीट वाफ न होता पाणीच थेंबाथेंबाने गळते. म्हणून इस्त्रीच्या दिवशी एका ठिपक्याचे कपडे सर्वांत आधी घ्यावेत आणि सुती कपडे शेवटी. सुतीसाठी तापलेली इस्त्री डायल खाली फिरवल्यावर लगेच निवत नाही.

कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याकडे कपडे देत असाल तर हा कुर्ता गठ्ठ्यातून बाजूला काढावा. कोळशाच्या इस्त्रीला ठिपके नसतात. तो निखाऱ्यांच्या अंदाजाने काम करतो आणि त्याच्याकडचे बरेचसे कपडे सुती असल्याने इस्त्री तापलेलीच असते. द्यायचाच असेल तर लेसची बाही आत घडी करून, ‘बाह्यांना इस्त्री नको’ असे समोर दाखवून सांगावे.

शेवटचे वर्तुळ लाँड्रीवाल्यासाठी आहे. आतले पी किंवा एफ हे अक्षर त्याने कोणते द्रावण वापरायचे ते सांगते आणि डब्ल्यू असेल तर पाण्याने केलेली व्यावसायिक धुलाई सुचवते. कपडा देताना लेबल उलटून त्याला दाखवावे आणि पावतीवर ते अक्षर लिहून घ्यावे.