सीएसडब्ल्यूए आणि फ्रेशर इंटरव्ह्यू: माप बदललं तरी मॉडेल टिकलं पाहिजे

डिप्लोमा किंवा आयटीआय झाल्यावर कॅडकडे वळणारी बरीच मुलं सॉलिडवर्क्सचं पहिलं सर्टिफिकेट म्हणून सीएसडब्ल्यूए देतात. कमांड पाठ असूनही त्यातली काही जण अडकतात. या परीक्षेत मॉडेल एकदा बनवून भागत नाही. ते बनवायचं, त्याचं वजन सांगायचं, मग दोन-तीन मापं बदलायची आणि पुन्हा वजन सांगायचं. बदल केल्यावर मॉडेल कोसळलं, किंवा (हे जास्त वाईट) न कोसळता गुपचूप चुकलं, की मार्क गेले.

बरीच वर्षं चालत आलेला आराखडा असा आहे: 3 तास, 14 प्रश्न, 240 गुण, पास व्हायला 165. ड्रॉइंग व्ह्यूवरचे 3 प्रश्न प्रत्येकी 5 गुणांचे, पार्ट मॉडेलिंगचे 7 प्रश्न प्रत्येकी 15 गुणांचे आणि असेंब्लीचे 4 प्रश्न प्रत्येकी 30 गुणांचे. व्हाउचर घेण्याआधी सध्याचा आराखडा एकदा तपासून घ्या. पण हा हिशोब नीट बघा. असेंब्ली सोडून बाकी सगळं बरोबर आलं तरी 120 च होतात, म्हणजे नापास. तरीही तयारीचा बहुतेक वेळ पार्टवर जातो आणि असेंब्ली शेवटच्या दोन दिवसांवर ढकलली जाते. हे उलटं करा.

आता गुपचूप होणारी चूक एका उदाहरणात पाहू. 100 × 60 × 20 मिमीची प्लेट, मध्यभागी 20 मिमी व्यासाचं आरपार भोक, मटेरियल 1060 Alloy, घनता 0.0027 g/mm^3. वजन येतं 307.04 ग्रॅम. पुढच्या प्रश्नात जाडी 25 मिमी होते. भोक पाडताना `Through All` दिलं असेल तर नवं वजन 383.79 ग्रॅम. पण तेव्हा जाडी 20 च होती म्हणून `Blind` मध्ये 20 टाकले असतील, तर खाली 5 मिमीचा तळ शिल्लक राहतो आणि वजन 388.04 ग्रॅम दिसतं. एकही एरर नाही, फीचर ट्री स्वच्छ, उत्तर चूक.

पार्टच्या जोडीतल्या पहिल्या प्रश्नाला पर्याय दिलेले असतात. तुमचं वजन त्यातल्या एकाशी जुळलं नाही, तर मॉडेल चुकलंय हे तिथेच कळतं. जवळचा पर्याय निवडून पुढे पळू नका, चूक शोधा, कारण पुढचा प्रश्न त्याच मॉडेलवर आहे आणि तिथे आकडा स्वतः टाइप करायचा असतो. आधी मटेरियल आणि युनिट बघा, मग मापं एकेक करून ड्रॉइंगशी ताडा. उत्तर दशांशाच्या दोन स्थळांपर्यंत लागतं, म्हणून `Mass Properties` मधल्या `Options` मध्ये दशांश आधीच वाढवून ठेवा.

असेंब्लीत पार्ट तयार मिळतात, झिप फाइलमध्ये. ती आधी एका फोल्डरमध्ये एक्स्ट्रॅक्ट करा आणि तिथूनच पार्ट उघडा. उघडताना फीचर रेकग्निशन करायचं का असं विचारलं तर `No` म्हणा. उत्तर असतं सेंटर ऑफ मासचे एक्स, वाय, झेड, तेही चित्रात दाखवलेल्या कोपऱ्यापासून. म्हणून पहिला पार्ट चित्रातल्याच दिशेने बसवा, त्या कोपऱ्यावर `Coordinate System` तयार करा आणि `Mass Properties` मध्ये तोच निवडा. तो निवडायचा राहिला तर असेंब्ली शंभर टक्के बरोबर असूनही तिन्ही आकडे चुकू शकतात. दुसरा सापळा अँगल मेटचा. 30 अंश दिले की पार्ट कधी वर उघडतो, कधी खाली. अंश बरोबर, बाजू उलटी. `Flip dimension` हाताशी ठेवा आणि प्रत्येक बदलानंतर मॉडेल चित्राशी डोळ्याने जुळवा.

इंटरव्ह्यूतही याच गोष्टीभोवती प्रश्न फिरतात. चाकण-भोसरीकडच्या डिझाइन विभागात काय किंवा छोट्या फिक्स्चर बनवणाऱ्याकडे काय, स्केचवरचा पहिला प्रश्न बहुधा रंगांचा: निळा म्हणजे अंडर-डिफाइन्ड, काळा म्हणजे फुली डिफाइन्ड, पिवळा किंवा लाल म्हणजे मापं आणि रिलेशन यांचं आपसात भांडण. इथवर सगळेच सांगतात. खरा प्रश्न पुढे येतो: "लांबी 100 ची 120 केली, भोक मध्येच राहील का?" डाव्या कडेपासून 50 माप दिलं असेल तर नाही राहणार. मिडपॉइंट किंवा सिमेट्रिक रिलेशन असेल तर राहील. मग कायम मिडपॉइंटच द्यायचा का? तसंही नाही. भोक जोडीदार पार्टच्या डाव्या कडेशी जुळायचं असेल तर 50 चं मापच योग्य. "हा पार्ट कशाला बसतो, त्यावर ठरेल," असं म्हणणाऱ्या उमेदवाराकडे समोरचा जरा मान वर करून बघतो.

असेंब्लीत डिग्री ऑफ फ्रीडम हमखास विचारतात. मोकळ्या पार्टला सहा असतात एवढ्यावर थांबू नका. दोन सपाट पृष्ठं कोइन्सिडेंट केली की तीन जातात: एक सरकणं आणि दोन फिरणी. शाफ्ट भोकात कॉन्सेंट्रिक केला की चार जातात, उरतं अक्षावर सरकणं आणि स्वतःभोवती फिरणं. खांदा टेकवला की सरकणं थांबतं, फिरणं उरतं, आणि नावाआधी (-) दिसत राहतं. ती चूक आहे का, असं मुद्दाम विचारतील. शाफ्ट फिरणारच असेल तर मुळीच नाही. सगळं घट्ट करायच्या नादात जादा मेट टाकले की पुढे माप बदलताना तेच आडवे येतात.

ड्रॉइंगवर फर्स्ट अँगल आणि थर्ड अँगल हा प्रश्न येतोच. भारतात फर्स्ट अँगल चालतो: समोरच्या व्ह्यूच्या खाली टॉप व्ह्यू, उजवीकडे डाव्या बाजूचा व्ह्यू. अमेरिकन ग्राहकाचं ड्रॉइंग थर्ड अँगलमध्ये येतं, म्हणून टायटल ब्लॉकमधलं कापलेल्या शंकूचं चिन्ह आधी बघायचं. ते न बघता बनवलेला पार्ट आरशातला निघू शकतो. परीक्षेतले तीन छोटे प्रश्नही व्ह्यूंवरच असतात. डिटेल व्ह्यू नवा वेगळा व्ह्यू बनवतो, क्रॉप आणि ब्रोकन-आउट सेक्शन आहे त्याच व्ह्यूवर काम करतात. एवढा फरक पक्का असला की बरेच पर्याय गळतात.

थोडं पुढे गेलं तर 25 H7/g6 लिहून अर्थ विचारतात. भोक 25.000 ते 25.021, शाफ्ट 24.980 ते 24.993. म्हणजे फट कमीत कमी 7 मायक्रॉन, जास्तीत जास्त 41, कायम क्लिअरन्स फिट. तक्ता पाठ नसेल तर तसं सांगा, पण मोठं एच भोकासाठी, छोटं जी शाफ्टसाठी आणि एचचं खालचं विचलन शून्य, एवढं कागदावर काढून दाखवा. शेवटी बऱ्याचदा पेन्सिल देऊन समोरच्या ब्रॅकेटचं हाताने ड्रॉइंग काढायला सांगतात. तेव्हा एकच माप दोन व्ह्यूंत देऊ नका, भोकाचं माप कडेपासून सेंटर लाइनपर्यंत द्या, आणि आतलं भोक तुटक रेषेत असताना माप तिथे न देता सेक्शन काढून द्या.