तोंडी गणिताची वेगचाचणी काढताय? या चुका टाळा

पहिली चूक इतक्यांदा पाहिली आहे की आता चिडही येत नाही. विभाग 'अ' एकअंकी, 'ब' दोनअंकी, 'क' तीनअंकी. झाली चढती काठिण्यपातळी! अहो, ३०० + २०० हे ८ + ७ पेक्षा सोपं आहे. अवघडपणा अंकांच्या संख्येत नसतो, तो दशक ओलांडण्यात आणि हातच्यात असतो.

मी आधी ४३ + ५ सारखी दशक न ओलांडणारी उदाहरणं घेतो, मग २७ + ८ सारखी, आणि शेवटी ३८ + ४७. वजाबाकीचंही तसंच, पण शेवटच्या विभागात ६२ − ५९ घालू नका. त्यात हातचा आहे खरा, पण मूल ५९ पासून तीन पुढे मोजतं आणि मोकळं होतं. तपासताना 'ब'मध्ये 'अ'पेक्षा जास्त उत्तरं बरोबर दिसली, तर मुलांना नाही, आपल्या विभागणीला दोष द्या.

दुसरी चूक माझी स्वतःची. तिसरीच्या वर्गाला २ मिनिटांत ४० उदाहरणं दिली होती. एका मुलीनं २३ सोडवली, २३ही बरोबर. मी शेरा मारला, 'वेग वाढव.' तोंडी विचारलं की हीच मुलगी माझं वाक्य संपायच्या आत उत्तर द्यायची, त्यामुळे मनात खुटखुट राहिली. दुसऱ्या दिवशी तिला छापील उत्तरं दिली आणि नुसती शेजारी उतरवायला सांगितली. २ मिनिटांत २५ झाली! म्हणजे तिचा वेळ गणितात जातच नव्हता, लिहिण्यात जात होता. मी गणिताच्या नावाखाली तिचं अक्षर मोजत होतो. शेरा खोडला, पण तिनं तो वाचला होता.

तेव्हापासून वेळ ठरवण्याआधी एक मिनिट नुसतं उतरवून घेतो. सगळ्यात सावकाश लिहिणाऱ्याचे १२ आकडे झाले, तर मिनिटाला ६ उदाहरणं, जास्त नाहीत. आधी संपवणाऱ्यानं फळ्याशेजारच्या घड्याळात बघून कोपऱ्यात वेळ लिहायची. वेग तिथे कळतो.

सगळ्या विभागांना मिळून एकच वेळ देऊ नका. 'अ'मध्ये अडकलेलं मूल 'क' बघतही नाही. मध्येच 'एकच मिनिट राहिलं' असं ओरडू नका.

आणि चाचणीच्या आदल्या आठवड्यात युक्त्या शिकवू नका. घाईतल्या पालकांना त्या फार आवडतात. 'अकरानं गुणताना दोन अंकांची बेरीज मधे लिही' ही २३ ला चालते, २५३ येतात. ५७ ला मात्र मुलं बिनदिक्कत ५१२७ लिहितात. उत्तर ६२७ आहे, कारण बारातला एक हातचा डावीकडे जातो. म्हणजे फिरून हातच्यापाशीच आलो.