तासाभराने परत आलेली पट्टी

लॅबमध्ये माझं पहिलं काम सोपं वाटलं होतं. हेला या मानवी कर्करोगाच्या पेशींना टीएनएफ हा दाह पेटवणारा संदेश-रेणू द्यायचा आणि एनएफ-कॅपा-बी हे जनुकं चालू करणारं प्रथिन जागं झालं हे वेस्टर्न ब्लॉटवर, म्हणजे प्रथिनं पट्ट्यांच्या रूपात दिसतात त्या चाचणीत, दाखवायचं. एरवी हे प्रथिन पेशीद्रवात अडकून असतं, कारण आय-कॅपा-बी-अल्फा नावाचा निरोधक त्याला धरून बसलेला असतो. निरोधक नष्ट झाला की एनएफ-कॅपा-बी केंद्रकात जातं. म्हणजे निरोधकाची पट्टी गायब झालेली दिसली की काम फत्ते, असा माझा हिशोब.

मी दोनच नमुने घेतले, एक टीएनएफशिवाय आणि एक टीएनएफनंतर साठ मिनिटांनी. दोन्ही पट्ट्या जवळपास सारख्या आल्या. टीएनएफ खराब झालाय असं ठरवून मी नवी कुपी उघडली. पुन्हा तेच.

शेजारच्या बाकावरच्या सीनियरने ब्लॉट पाहिला आणि एवढंच विचारलं, "पंधरा मिनिटांचा नमुना कुठे आहे?"

मग ०, ५, १५, ३०, ६० आणि १२० मिनिटांचे नमुने केले. पाच मिनिटांना पट्टी थोडी फिकी, पंधराला जवळजवळ नाहीशी, तीसलाही तेच, आणि साठला परत हजर! कारण निरोधकाचं जनुक स्वतः एनएफ-कॅपा-बीच चालू करतं. केंद्रकात पोचल्यावर ते आपल्याच पहारेकऱ्याची नवी तुकडी बनवायला लावतं. खात्री करायला मी एका डिशमध्ये सायक्लोहेक्सिमाइड घालून नवीन प्रथिनं बनणं थांबवलं. तिथे साठ मिनिटांनाही पट्टी परतली नाही.

दुसरी चूक जास्त खोल होती. आयकेके हे किनेज निरोधकाच्या ३२ आणि ३६ क्रमांकाच्या सेरीनवर फॉस्फेट लावतं, तेव्हाच एनएफ-कॅपा-बी सुटतं, असं मी समजत होते. तसं नाही. फॉस्फेट ही फक्त खूण. ती ओळखून बीटा-टीआरसीपी असलेलं लायगेज युबिक्विटिनची साखळी जोडतं आणि प्रोटिआसोम हे पेशीतलं प्रथिनं तोडणारं यंत्र त्या निरोधकाचा फडशा पाडतं. तोवर पकड सुटत नाही. आधी एमजी१३२ देऊन प्रोटिआसोम बंद केलं, तर फॉस्फेटवाला निरोधक साचतो, ब्लॉटवर ठळक दिसतो, पण एनएफ-कॅपा-बीचा पी६५ हा घटक केंद्रकाबाहेरच राहतो. एमजी१३२ नसेल तर हे रूप लगेच नष्ट होतं, म्हणून फॉस्फो-अँटिबॉडीने पाच मिनिटांच्या आसपासच बघा, आणि पेशी फोडायच्या लायसिस बफरमध्ये फॉस्फेट निघू न देणारा फॉस्फेटेज इन्हिबिटर विसरू नका. मी एकदा विसरले आणि त्या ब्लॉटवर काहीच उमटलं नाही.

वेळा सांभाळायची युक्तीही त्या सीनियरचीच. टीएनएफ उलट्या क्रमाने घाला, १२० मिनिटांच्या डिशमध्ये सगळ्यात आधी आणि पाचच्या डिशमध्ये सगळ्यात शेवटी. मग सगळ्या डिश एकदमच बर्फावर जातात. पाच मिनिटांच्या नमुन्यात दोन मिनिटांची ढिलाई झाली तर आलेख वाचताच येत नाही. आणि प्रत्येक लेनमध्ये सारखीच यायला हवी अशी ट्युब्युलिनची पट्टी बघितल्याशिवाय "निरोधक गेला" असं म्हणू नका. माझ्या एका लेनमध्ये निरोधक गेला नव्हता, नमुनाच अर्धा पडला होता.