कॉस्ट शीट मांडताना: आधी अर्धवट माल शोधा

पत्रक पूर्ण मांडून झालं, नफाही नीट निघाला, आणि मग दिलेल्या आकड्यांच्या तळाशी अर्धवट मालाची ओळ तशीच पडलेली दिसली. हे एकदा घडलंय, म्हणून ही तयारी लिहून ठेवतोय. बाकी काही विसरलात तरी चालेल असं म्हणत नाही, पण हे विसरू नका.

उदाहरणाला बेळगावच्या उद्यमबागेतली एखादी छोटी फाउंड्री धरू. पंपाच्या बॉडी ओतते आणि मशिनिंग करून विकते. आकडे मनाने घेतलेत, पण अशा ठिकाणी कागद कसे येतात ते ओळखीचं आहे. स्टोअरचं रजिस्टर मराठीत, सुपरवायझरची वही कानडीत आणि हिशेब टॅलीत इंग्रजीत. खरेदीचं बिल असतं, मजुरीचं पगारपत्रक असतं. पण ओतून झालेल्या आणि फेटलिंग किंवा मशिनिंग व्हायच्या बॉडींचं बिल कुणीच फाडत नाही. महिनाअखेरीला शेडमध्ये जाऊन मोजल्या तरच त्यांचा आकडा मिळतो, आणि तो यादीत सगळ्यात शेवटी, बाकीच्या शिलकांबरोबर येतो. म्हणून पेन उचलल्याबरोबर पहिलं काम म्हणजे यादीतल्या शिलकांना तीन खुणा करणं: कच्चा माल, अर्धवट माल, तयार माल. प्रत्येकाचे सुरुवातीचा आणि शेवटचा असे दोन आकडे, म्हणजे सहा. सहा सापडले नाहीत तर पुढे जाऊ नका. एखादा खरोखरच नसेल तर शून्य लिहा, जागा रिकामी सोडू नका.

दुसरी खूण, पत्रकात मुळीच न येणाऱ्या गोष्टींवर काट मारणं. कर्जावरचं व्याज, प्राप्तिकर, देणगी, जुनं मशीन विकताना झालेला तोटा, गुडविल लिहून काढल्याची रक्कम. हे आर्थिक हिशेबात जातं, इथे नाही. ज्या जीएसटीचं क्रेडिट मिळतं तोही खरेदीत धरायचा नाही.

आता मांडणी. कच्च्या मालाची सुरुवातीची शिल्लक 60,000, खरेदी 4,80,000, आवक टेम्पोभाडं 12,000, शेवटची शिल्लक 52,000. वापरलेला माल 5,00,000. भाड्याचे आकडे बहुधा दोन असतात. पिग आयर्न आणि भंगार आणायचं भाडं इथे येतं, तयार बॉडी गिऱ्हाइकाला पोचवायचं भाडं थेट शेवटी विक्रीखर्चात जातं. नुसतं ‘भाडं’ वाचून दोन्ही एकत्र टाकली की प्राइम कॉस्टच फुगते आणि तिच्याबरोबर खालचं सगळं. प्रत्यक्ष मजुरी 1,60,000. या ऑर्डरसाठी खास करून घेतलेल्या पॅटर्नचे 20,000 प्रत्यक्ष खर्चात. प्राइम कॉस्ट 6,80,000.

भट्टीची वीज, शेडचं भाडं, सुपरवायझरचा पगार, मशिनरीचा घसारा, असा कारखान्याचा खर्च मिळून 1,54,000 धरा. बेरीज 8,34,000. मशिनिंगचा बुरा विकून आलेले 4,000 इथे वजा होतात, राहिले 8,30,000. फाउंड्रीत एक गंमत आहे. ओतताना उरलेले रनर-रायझर पुन्हा भट्टीत जातात. ते विकलेले नसतात, तेव्हा त्यांची किंमत वजा करत बसू नका. पैसे आले तेवढंच वजा.

आणि इथेच थांबायचं. 8,30,000 ही वर्क्स कॉस्ट नाही. या महिन्यात कारखान्यात एकूण किती खर्च झाला त्याचा हा आकडा आहे, तयार होऊन बाहेर पडलेल्या मालाचा नाही. गेल्या महिन्याचा अर्धवट माल 30,000 मिळवा, कारण तो या महिन्यात पुरा झाला. या महिनाअखेरचा 60,000 वजा करा, कारण तो अजून शेडमध्येच आहे. वर्क्स कॉस्ट 8,00,000. सुरुवातीचा मिळवायचा, शेवटचा वजा. उलटं केलंत तर 8,60,000 येतील आणि तोही आकडा दिसायला अगदी बरा दिसेल.

जागाही महत्त्वाची आहे. अर्धवट बॉडीवर साहित्य, मजुरी आणि थोडा कारखान्याचा खर्चही पडलेला असतो, म्हणून तिचा मेळ कारखान्याचा खर्च मिळवल्यानंतर घालायचा. प्रश्नात अर्धवट माल प्राइम कॉस्टने मोजल्याचं स्पष्ट लिहिलं असेल तरच तो मेळ एक पायरी वर, कारखान्याच्या खर्चाआधी घ्या. ऑफिसखर्चाच्या खाली तो कधीच जात नाही.

पुढे जाऊ. ऑफिसखर्च 40,000, कॉस्ट ऑफ प्रॉडक्शन 8,40,000. आता नग मोजा: विकले 1,800, शेवटी शिल्लक 300, सुरुवातीला होते 100. तयार झाले 2,000, म्हणजे नगाला 420 रुपये. 8,40,000 ला 1,800 ने भागणारे दर वर्षी भेटतात. भागायचं ते तयार नगांनी. शेवटचे 300 नग या 420 दराने 1,26,000. सुरुवातीचे 100 त्यांच्या जुन्या दराने, 41,000. विकलेल्या मालाची किंमत 7,55,000.

अर्धवट माल विसरला तर काय होतं ते इथे बघा, कारण चूक पकडणं का अवघड आहे ते यातच कळतं. कॉस्ट ऑफ प्रॉडक्शन 8,70,000 येते, नगाला 435. शिल्लक 300 नगही त्याच फुगलेल्या दराने 1,30,500 धरले जातात. म्हणजे 30,000 ची चूक, पण त्यातले 4,500 शिलकीत लपले आणि नफ्यात फक्त 25,500 चा फरक पडला. फरक शोधताना कुणी 30,000 चा आकडा यादीत शोधत बसला तर तो सापडायचा नाही. नफा जुळत नसेल तर फरक बाजूला ठेवा आणि आधी वर्क्स कॉस्टच्या वरच्या ओळीत अर्धवट मालाचे दोन आकडे आहेत का ते पाहा. पुन्हा सांगतो, दोन. एकच लिहिलेला असतो बऱ्याचदा.

विक्रीखर्च विकलेल्या नगांवर, तयार झालेल्यांवर नव्हे. जावक भाडं, कमिशन, पॅकिंग मिळून नगाला 20, म्हणजे 1,800 नगांचे 36,000. कॉस्ट ऑफ सेल्स 7,91,000. 500 दराने विक्री 9,00,000, नफा 1,09,000.

नगामागचा रकाना मागितला असेल तर वर्क्स कॉस्टपर्यंत आणि कॉस्ट ऑफ प्रॉडक्शनला 2,000 ने, त्याखाली 1,800 ने. शीर्षकात महिना आणि नग लिहा. आणि पत्रक देण्याआधी ते सहा आकडे एकदा बोटाने मोजा, तिसरा आणि चौथा दोनदा.